फोटोतला तिसरा हात

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या एका बाईची. तिला आपण सुमन म्हणू.

सुमनच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. आम्ही गटातल्या पाचजणी नांदूरघाटहून तिच्या माहेरी गेलो. जेवणं झाली आणि सुमन भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. फोटो १९९६ चा, तिच्या काकाच्या लग्नातला. दारापुढं सगळं घर उभं आणि वडलांच्या शेजारी आई.

सुमन म्हणाली, "आई या लग्नात नव्हतीच."

आम्हाला वाटलं, लहान होती, विसरली असेल. पण ती बोट ठेवून दाखवायला लागली. "सगळ्यांच्या डाव्या गालावर ऊन आहे, डोळे बारीक झालेत. आईच्या तोंडावर मात्र समोरून उजेड. सगळ्यांच्या सावल्या जमिनीवर उजवीकडं पडल्यात, आईची सावलीच नाही. बाकीचे चेहरे जुने, जरा पुसट. आईचा तेवढा लख्ख. आणि ही साडी तर मीच घेतलेली, चार वर्षांपूर्वी." मग आमच्याही ध्यानात आलं. फोटोत वडील तिशीचे होते आणि आई पिकल्या केसांची.

आई तेव्हा कुठं होती, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. दिवाळी झाली की कोयता घेऊन जोडीनं निघायचं, ते उन्हाळ्यात परतायचं. लग्न ऐन हंगामात होतं. मुकादमाची उचल अंगावर होती, बैलांपाशीही कुणीतरी हवं होतं. दोन दिवसांसाठी वडील एकटेच आले. आई फडावर, कोपीत राहिली.

भावानं कबूल केलं. "जुन्या फ्रेमीत ओल गेली होती. स्टुडिओत नवा फोटो करायला दिला, तेव्हा मोबाइलमधला आईचा फोटोही दिला. म्हटलं, आईला दादांच्या शेजारी उभं करा. आई कुठल्याच फोटोत नाही गं, ताई."

यावर काय बोलणार? आमच्यातल्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

पण सुमन अजून बघतच होती. फोटोत ती सहा वर्षांची, आईच्या पुढ्यात उभी. तिच्या खांद्यावर एक हात. आईचे दोन्ही हात तर समोर जोडलेले, हिरव्या बांगड्यांनी भरलेले. मग खांद्यावरचा हा तिसरा हात कुणाचा? मनगट मोकळं, एकही बांगडी नाही. मनगटाच्या मागं आईची साडी आणि हात तिथंच संपलेला.

घरात तसा हात एकीचाच होता. सुमनची आत्या. तरुणपणी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून माहेरीच. आईवडील कारखान्याला गेले की दोन्ही लेकरांचं न्हाऊमाखू, शाळा, दुखणं तिनंच काढलं. आईला जागा करून देताना स्टुडिओवाल्यानं आत्याला झाकून टाकलं होतं. हात तेवढा राहिला.

आत्या चुलीपाशी बसली होती. सुमननं विचारलं, "आत्या, तुला दिसलं नव्हतं का?"

"पहिल्याच दिवशी दिसलं. पण तुझ्या आईची जागा होती ती. मी कशाला बोलू?"

भावाची मान खाली गेली. त्यानं तसं मुद्दाम केलं नव्हतं. घाईत त्यानं फक्त आईचा चेहरा बघितला होता.

जुनी फ्रेम माळ्यावर पोत्यात निघाली. ओलीनं फोटोचा एक कोपरा काचेला चिकटला होता. भाऊ ओढून काढायला लागला, तसं आम्ही थांबवलं. ओल्या फोटोचा वरचा थर काचेला धरतो. ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. म्हणून काचेसकटच सावलीत ठेवून, चमक येणार नाही असा तिरप्या उजेडात मोबाइलवर फोटो काढला. त्याची नवी प्रत केली, काहीही न जोडता.

आता त्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एकात लग्नातली माणसं आहेत, सुमनच्या खांद्यावर हात ठेवून आत्या उभी आहे. दुसऱ्यात एकटी आई. लग्नाच्या फोटोच्या मागं सुमननं सगळ्यांची नावं, गाव आणि साल लिहिलं. शिसपेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिलं तर समोर वळ उठतात. शेवटची ओळ तिनं अशी लिहिली: "आई या दिवशी ऊस तोडत होती."

जोडलेला फोटो भावानं टाकला नाही. तोही पेटीत ठेवलाय, मागं "आईला नंतर जोडलं" असं लिहून.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा फोटो असेल तर आज तो खाली उतरवून बघा. उजेड कुठून येतोय, सावल्या किती, हात किती, ते मोजा. आणि घरातल्या म्हातारीला विचारा, इथं आधी कोण उभं होतं?