वंशाचे राष्ट्र आणि नागरिकांचे राष्ट्र : बाल्टिक देशांचा दाखला

राष्ट्राचा सभासद कोण, या प्रश्नाची आधुनिक काळात दोन उत्तरे दिली गेली. पहिल्या उत्तरानुसार राष्ट्र आधी असते आणि राज्य नंतर येते. समान रक्त, भाषा, रूढी आणि पूर्वज असलेला लोकसमूह म्हणजे राष्ट्र, आणि राज्य हे त्या समूहाचे घर. यालाच वांशिक राष्ट्रवाद म्हणतात. दुसऱ्या उत्तरानुसार एका कायद्याखाली, एका भूमीवर नांदणारे आणि त्या राज्याशी बांधिलकी मानणारे सारे लोक मिळून राष्ट्र बनते. त्यांचे आजोबा कोण होते याची चौकशी होत नाही. हे नागरिकत्वावर उभे असलेले राष्ट्र होय.

पाठ्यपुस्तकांत पहिल्यासाठी जर्मनीचा आणि दुसऱ्यासाठी फ्रान्सचा दाखला देण्याची प्रथा आहे. जर्मनीच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्व वंशपरंपरेला जोडले. त्याचा परिणाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळक दिसला. १९६१ च्या करारानंतर कामासाठी आलेल्या तुर्की मजुरांची जर्मनीतच जन्मलेली नातवंडे परदेशी ठरत होती, तर पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांना जर्मनीत पाऊल ठेवताच नागरिकत्वाचा हक्क मिळत होता. २००० साली कायदा बदलला. आई किंवा वडील आठ वर्षे कायदेशीर रहिवासी असतील, तर त्यांचे जर्मनीत जन्मलेले मूल जर्मन मानले जाऊ लागले. फ्रान्सने उलट वाट धरली. १७९१ मध्ये तिथल्या ज्यूंना व्यक्ती म्हणून पूर्ण नागरिकत्व दिले, पण समूह म्हणून वेगळे स्थान नाकारले. अल्पसंख्याकांच्या सांस्कृतिक हक्कांविषयीचे आंतरराष्ट्रीय करारातील कलम आपल्याला लागू नाही, असे फ्रान्स आजही अधिकृतपणे सांगतो. कारण फ्रेंच कायद्याच्या नजरेत तिथे अल्पसंख्याक नाहीतच, फक्त नागरिक आहेत.

मात्र ही जोडी इतकी वापरली गेली आहे की त्यातून फरक कळण्याऐवजी दोन देशांचे स्वभाव तेवढे लक्षात राहतात. फरक नीट पाहायचा, तर परिस्थिती जवळजवळ सारखी आणि निर्णय मात्र वेगळे, असे उदाहरण हवे. ते बाल्टिक समुद्राच्या काठावर सापडते.

एस्टोनिया, लात्विया आणि लिथुआनिया हे तीन देश १९४० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने गिळले. पुढच्या अर्धशतकात तिथे रशियन आणि इतर सोव्हिएत भागांतून कामगार, अधिकारी व सैनिक येऊन स्थायिक झाले. स्थानिकांच्या हद्दपारीच्याही लाटा आल्या. १९४९ च्या मार्च महिन्यात एकट्या लात्वियातून चाळीस हजारांहून अधिक माणसे सायबेरियाकडे रवाना करण्यात आली. परिणाम असा, की १९३५ मध्ये तीन-चतुर्थांशाच्या आसपास असलेले लात्वियन १९८९ च्या जनगणनेत ५२ टक्के उरले. लिथुआनियात कारखानदारी आणि स्थलांतर कमी असल्यामुळे लिथुआनियन त्याच वेळी सुमारे ८० टक्के होते. पुढच्या निर्णयांत हा फरक निर्णायक ठरला.

३ मार्च १९९१ रोजी लात्वियात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर कौल घेतला गेला. त्यात वंश न पाहता सर्व कायम रहिवाशांना मत होते. सुमारे ७४ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. लात्वियन लोकसंख्येचे प्रमाण पाहता त्यात रशियनभाषकांचीही मते मोठ्या संख्येने होती, हे उघड आहे. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी तत्कालीन संसदेने, म्हणजे सर्वोच्च मंडळाने ठरवले, की १७ जून १९४० रोजी जे लात्वियाचे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज यांचे नागरिकत्व पुन्हा चालू झाले आहे. बाकीच्यांविषयी नंतर कायदा होईल. या एका ठरावाने लाखो रहिवासी मतदार यादीबाहेर गेले; त्यांत मार्चमध्ये स्वातंत्र्यासाठी मत दिलेलेही होते. १९९५ पर्यंत नागरिकत्वाबाहेर राहिलेल्यांची संख्या सुमारे सव्वासात लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक होती.

हा निर्णय वांशिक होता का? ठरावात ‘रशियन’ हा शब्द नव्हता. सोव्हिएत ताबा बेकायदा होता, म्हणून १९१८ साली स्थापन झालेले राज्य कधी संपलेच नाही, आणि संपले नाही तर त्याचे नागरिकही तेच, असा युक्तिवाद होता. १९४० पूर्वीच्या लात्वियात रशियन, ज्यू, पोलिश नागरिक होते. त्यांच्या वारसांना नागरिकत्व आपोआप मिळाले. उलट सोव्हिएत काळात आलेला कोणीही, मग तो युक्रेनी असो वा बेलारूसी, बाहेर राहिला. कायद्याच्या भाषेत हा वंशाचा नव्हे, तारखेचा निकष होता. पण ती तारीख अशी होती की तिच्या अलीकडे जवळजवळ सगळे लात्वियन आणि पलीकडे बहुतेक रशियनभाषक पडत होते. वांशिक राष्ट्रवाद नेहमी रक्ताची भाषा बोलत नाही. तो अनेकदा दस्तऐवज, वारसा आणि इतिहासाच्या निर्दोष दिसणाऱ्या शब्दांतून काम करतो. तो ओळखायचा तर नियमाचे शब्द पाहून भागत नाही. नियमामुळे कोण कुठे पडतो, हेही मोजावे लागते.

१९९५ च्या कायद्याने या लोकांना नवे नाव दिले : ‘अनागरिक’. ते नागरिक नव्हते, परदेशी नव्हते आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने राज्यविहीनही नव्हते. त्यांना जांभळ्या रंगाचे वेगळे पारपत्र मिळे. देशात राहण्याचा, काम करण्याचा हक्क होता, हद्दपारीपासून संरक्षण होते. पण संसदेसाठी मत नव्हते, नगरपालिकेसाठीही नव्हते, आणि अनेक सरकारी पदे बंद होती. एस्टोनियाने वारसाहक्काचाच मार्ग धरला, तरी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत दिले. २०२५ च्या घटनादुरुस्तीने तेही काढून घेण्यास सुरुवात झाली.

या स्थानाचा रोजच्या जगण्याशी कसा संबंध येतो, ते रीगाजवळच्या ओलाइने या शहरात काम करणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यावरून कळते. कझाकस्तानात जन्मलेली ही मुलगी १९५४ मध्ये, बाराव्या वर्षी, लात्वियात आली आणि तिथेच राहिली. पुढे ती ओलाइनेच्या रसायन प्रकल्पात कामाला लागली. १९७३ पासून तिचा विभाग कागदोपत्री लात्वियाबाहेरच्या सोव्हिएत संस्थेच्या अखत्यारीत गेला. कामाची जागा तीच, यंत्रे तीच. निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या हिशेबात १९७३ ते १९९० ही वर्षे धरली गेली नाहीत, कारण मालक संस्था लात्वियाबाहेरची होती. ती नागरिक असती तर तीच वर्षे धरली गेली असती. २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. गंमत अशी, की त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये पेन्शनच्याच दुसऱ्या एका प्रकरणात लात्वियाच्या बाजूने निकाल दिला. राज्याचे सातत्य जपण्याच्या भूमिकेला या वेळी अधिक वजन मिळाले. दोन निकालांतला ताण हा या साऱ्या वादाचाच ताण आहे : बेकायदा ताब्याची भरपाई राज्याने कोणाकडून वसूल करायची?

नागरिकत्व मिळवण्याचा रस्ता १९९४ च्या कायद्याने उघडला, पण टप्प्याटप्प्याने. वयोगट आणि जन्मस्थान पाहून अर्ज करण्याचे वर्ष ठरवले होते. या टप्प्यांना तिथे ‘खिडक्या’ म्हणत. १९९६ मध्ये लात्वियातच जन्मलेल्या सोळा ते वीस वर्षांच्या तरुणांची खिडकी पहिली, आणि मोठेपणी बाहेरून आलेल्यांची शेवटची. लात्वियन भाषा, इतिहास, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांची परीक्षा होती. पात्र लोकांपैकी फारच थोडे पुढे आले. परीक्षेची भीती हे एक कारण होते, पण अपमानाची भावनाही होती : जन्मलो तिथेच, मग परक्यासारखा अर्ज का करायचा? वगळलेल्या समूहाला पुन्हा बोलावताना राज्ये नेहमी हीच गोष्ट विसरतात. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या आग्रहानंतर खिडक्या रद्द करण्याची आणि स्वतंत्र लात्वियात जन्मलेल्या अनागरिक मुलांना सोपे नागरिकत्व देण्याची दुरुस्ती आली. ती ३ ऑक्टोबर १९९८ च्या सार्वमतात निम्म्याहून थोड्या अधिक मतांनी टिकली. या सार्वमतात अनागरिकांना अर्थातच मत नव्हते. २०२० पासून त्यांची नवजात मुले आपोआप नागरिक होतात. अनागरिक आता दोन लाखांच्या खाली आले आहेत, पण त्यात परीक्षा देऊन नागरिक झालेल्यांबरोबरच मृत्यू, स्थलांतर आणि रशियाचे नागरिकत्व यांचाही वाटा आहे.

लिथुआनियाने ३ नोव्हेंबर १९८९ रोजी, म्हणजे सोव्हिएत चौकटीत असतानाच, वेगळा कायदा केला. १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज नागरिक होतेच. शिवाय कायम राहणाऱ्या आणि कामधंदा किंवा उत्पन्नाचे साधन असलेल्या कोणालाही दोन वर्षांत, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेऊन, नागरिकत्व निवडता येत होते. भाषेची परीक्षा नव्हती, पूर्वजांचा कागद नव्हता. बहुतेक रशियन आणि पोलिश रहिवाशांनी ते घेतले आणि लात्वियात दिसणारा अनागरिकांचा वर्ग तिथे तयारच झाला नाही. मुदत संपल्यावर आलेल्यांसाठी मात्र दहा वर्षांचा रहिवास आणि भाषेची परीक्षा लागू झाली. लिथुआनियाच्या उदारपणाचे कौतुक करताना ८० टक्क्यांचा आकडा विसरता येत नाही. बहुसंख्येची खात्री असलेल्या राष्ट्राला दार उघडे ठेवणे सोपे जाते. आपल्याच भूमीत निम्म्यावर येण्याची भीती असलेल्या लात्वियनांना ते तितके सोपे नव्हते.

शिवाय समान नागरिकत्वाने अल्पसंख्याकांचे सगळे प्रश्न मिटत नाहीत. विल्नियसभोवतीच्या पोलिश लोकांना पहिल्यापासून मत आहे, त्यांचा पक्ष संसदेत जातो, पोलिश शाळा चालतात. तरीही अनेक दशके त्यांची नावे पारपत्रावर लिथुआनियन लिपीच्या नियमाने लिहिली जात, कारण त्या वर्णमालेत ‘डब्ल्यू’ हे अक्षर नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले; २०११ मध्ये त्या न्यायालयाने नियम मुळातून मोडीत काढला नाही. २०२२ च्या कायद्याने ‘डब्ल्यू’, ‘क्यू’, ‘एक्स’ ही अक्षरे चालू केली, पण पोलिश अक्षरांवरची खास चिन्हे अजूनही बाहेरच आहेत. बेळगावच्या मराठी भाषकांना ही परिस्थिती समजायला वेळ लागणार नाही : मतदार म्हणून हक्क पूर्ण, पण कचेरीतल्या कागदाच्या भाषेविषयी तक्रार कायम. भारतीय घटनेने याच कारणासाठी समान नागरिकत्वावर न थांबता कलम २९, ३० आणि ३५०-अ यांत भाषा, संस्कृती आणि मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची वेगळी तरतूद केली. फ्रान्सने हा दुसरा थर नाकारला. लिथुआनियाने तो दिला, पण अक्षराअक्षराने, वादावादी करून. लात्वियात तो उलट आकुंचन पावतो आहे : रशियन माध्यमाच्या शाळा पूर्णपणे लात्वियन करण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला, आणि त्या शाळांतल्या मुलांपैकी बरीच मुले आता लात्वियाची नागरिक आहेत.