तीन महिन्यांत बदललेली लिपी



आज बोलायचं आहे तुर्कस्तानबद्दल. पहिल्या महायुद्धात हरलेल्या ऑटोमन साम्राज्याच्या लष्करी अधिकाऱ्यांनी तिथे एक प्रजासत्ताक उभं केलं आणि पाच-सहा वर्षांत खिलाफत, शरियतचे कायदे, मदरसे आणि लिपी, सगळं बदलून टाकलं. ही गोष्ट आपल्याकडे दोनच पद्धतींनी सांगितली जाते. एक, ‘असा एक खमक्या नेता हवा’. दुसरी, ‘पाश्चात्त्यांची नक्कल’. दोन्ही पद्धतींत माणसं दिसत नाहीत. मी मुख्यतः लिपीबद्दल बोलेन, कारण ज्यांच्या घरात पहिला पदवीधर आपणच आहोत, त्यांना हा भाग लगेच कळतो.

आधी थोडं मागचं. ऑक्टोबर १९१८मध्ये साम्राज्याने शरणागती पत्करली. १९२०च्या सेव्हर्सच्या तहाने उरलेल्या देशाचे लचके तोडायचं ठरलं. मुस्तफा केमाल, इस्मत यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आंकाऱ्यात वेगळी राष्ट्रसभा उभी केली, ग्रीक सैन्याशी लढून तो तह धुळीला मिळवला आणि १९२३मध्ये लोझानला नवा तह करून घेतला. २९ ऑक्टोबर १९२३ला प्रजासत्ताक जाहीर झालं. हे अधिकारी काही सरदारपुत्र नव्हते. केमालचे वडील जकात खात्यातले साधे कर्मचारी. साम्राज्याच्या लष्करी शाळांमध्ये अशा घरांतली मुलं गणित, नकाशे, फ्रेंच शिकली. तीच त्यांची शिडी होती, आणि देशही त्याच शिडीने वर चढेल असं त्यांना वाटायचं.

पण एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. हा देश तोवर ‘एकसारखा’ केला गेला होता. १९१५मध्ये आर्मेनियन लोकांचा संहार झाला होता. १९२३च्या करारानुसार दहा लाखांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे गेले आणि तिकडून सुमारे चार लाख मुसलमान इकडे आणले गेले. एक राष्ट्र, एक भाषा, एक शाळा हे ज्या जमिनीवर उभं राहिलं, ती जमीन अशी होती.

३ मार्च १९२४ या एकाच दिवशी तीन कायदे झाले. खिलाफत रद्द झाली, धर्म आणि वक्फ यांचं मंत्रालय रद्द झालं, आणि देशातल्या सगळ्या शाळा एका शिक्षण मंत्रालयाखाली आल्या. मदरसे त्यानंतर बंद झाले. खिलाफतीसाठी आपल्याकडे गांधी आणि अली बंधूंनी केवढं आंदोलन उभारलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या महिन्यांत आगाखान आणि अमीर अली या दोन भारतीय नेत्यांनी खलिफाची प्रतिष्ठा राखा, असं पत्र पंतप्रधान इस्मत पाशांना लिहिलं. ते सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. परिणाम उलटा झाला. बाहेरचे लोक आपल्या कारभारात हात घालतात, असं सांगत आंकाऱ्याने संपादकांवर खटले भरले, आणि चार महिन्यांच्या आत खिलाफत गेली.

आता लिपी.

ऑटोमन तुर्की अरबी लिपीत लिहिली जायची. तुर्की भाषेत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत स्वरांसाठी अक्षरं जेमतेम तीन. तुर्कीत ‘ओल्दु’ म्हणजे ‘झाला’. तोच शब्द जीभ जरा पुढे आणून, ओठ गोल ठेवून म्हटला की अर्थ होतो ‘मेला’. कानाला फरक स्पष्ट कळतो, पण जुन्या लिपीत दोन्ही अगदी सारखे लिहिले जात. त्यामुळे ‘अली पाशा ओल्दु’ असं लिहिलेलं दिसलं की अलीला पाशाची पदवी मिळाली की अली पाशा वारला, हे संदर्भावरून ताडायचं. उलट बाजूने, तुर्कीत ‘झ’ हा एकच उच्चार, पण त्यासाठी चार वेगवेगळी अक्षरं, कारण अरबीत ते चार वेगळे उच्चार आहेत. कुठल्या शब्दात कुठला ‘झ’ हे कळायला तो शब्द अरबीतून आला की फारसीतून, हे ठाऊक हवं. म्हणजे स्वतःची भाषा बिनचूक लिहायला आधी दुसऱ्या दोन भाषा शिका! ज्याच्या घरी मौलवी, कारकून किंवा ग्रंथसंग्रह आहे त्याला ते जमायचं. शेतकऱ्याच्या पोराला कसं जमणार? ऱ्हस्वदीर्घ चुकले म्हणून ज्यांच्या निबंधावर लाल शाई सांडली, त्यांना हे फार समजावून सांगायला नको.

ही अडचण सैन्यालाही भेडसावत होती. महायुद्धाच्या तोंडावर युद्धमंत्री एन्व्हर पाशाने सैन्यात जुनीच अक्षरं सुटी सुटी, स्वरांसह लिहायचा प्रयोग केला होता. ऐन युद्धात तारा आणि हुकूम वाचताना गोंधळ उडाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. अर्धवट बदल काय करतो, हा धडा केमालच्या पिढीने तिथे पाहिला होता.

१९२८च्या उन्हाळ्यात भाषा समितीने लॅटिन अक्षरांवर आधारलेली नवी वर्णमाला तयार केली. त्यात २९ अक्षरं होती, आणि उच्चार तसं लेखन. समितीत असलेले पत्रकार फालिह रिफ्की आताय यांनी पुढे आठवण सांगितली आहे. बदलाला किती काळ लागेल, असं केमालने विचारलं. समितीत पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतचे प्रस्ताव होते. वर्तमानपत्रांनी काही वर्षं दोन्ही लिप्यांत छापावं, अशी कल्पना होती. केमालचं उत्तर असं की, हे तीन महिन्यांत होईल किंवा कधीच होणार नाही. कारण पानाचा अर्धा कोपरा जरी जुन्या लिपीत राहिला, तरी जाणकार तोच वाचत बसतील.

मग वेग पाहा. ९ ऑगस्ट १९२८च्या रात्री इस्तंबूलच्या एका बागेतल्या समारंभात त्याने नवी अक्षरं जाहीर केली. पुढचे दोन महिने फळा-खडू घेऊन तो गावोगाव फिरला. १ नोव्हेंबरला कायदा मंजूर झाला. १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत, १ जानेवारी १९२९पासून पुस्तकं. त्याच दिवशी ‘राष्ट्राच्या शाळा’ उघडल्या. १६ ते ४५ वयाच्या लोकांसाठी, चार महिन्यांचा वर्ग. शाळेत जागा नसेल तर कॉफीच्या दुकानात, आणि शाळाच नसेल त्या गावात फिरता शिक्षक. पहिल्या वर्षी सुमारे दहा लाख लोक या वर्गांत बसले आणि निम्म्याहून थोडे जास्त पास झाले.

आकडे असे आहेत. १९२७च्या जनगणनेत दहापैकी जेमतेम एकाला वाचता येत होतं. १९३५मध्ये ते प्रमाण पाचात एकाच्या आसपास आलं. म्हणजे दुप्पट झालं, पण पाचातले चार बाहेरच राहिले. दोष नुसत्या लिपीचा नव्हताच. जपानने त्याहून किचकट लिपी ठेवून लोक साक्षर केले. तुर्कस्तानात गावं सुमारे चाळीस हजार आणि प्रजासत्ताकाच्या सुरुवातीला प्राथमिक शाळा सुमारे पाच हजार होत्या. लिपी हुकुमाने बदलते, शाळेला मात्र इमारत आणि शिक्षक लागतात. आणि जमीनदाराची जमीन तशीच राहिली. पीक कापणीला पोराला शेतातून सोडायचं की नाही, हे तोच ठरवायचा.

दुसरीकडे, काही लोकांच्या हातातली विद्या एका रात्रीत गेली. मुन्शी, काजी, जुने अध्यापक यांची मक्तेदारी मोडली, याचं मला वाईट वाटत नाही. पण नातवाला आजोबाचं पत्र वाचता येईना, थडग्यावरचं नाव वाचता येईना. आपल्याकडे जातपडताळणीसाठी पणजोबाचा मोडीतला कागद घेऊन वाचणारा शोधत जे फिरले असतील, त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. पुढे १९३२पासून अरबी-फारसी शब्दही काढायला सुरुवात झाली. केमालने १९२७मध्ये सहा दिवस सलग केलेलं आपलं प्रसिद्ध भाषण पुढच्या पिढ्यांसाठी आजच्या तुर्कीत उतरवून छापावं लागलं.

कायद्याचंही तसंच. १७ फेब्रुवारी १९२६ला स्वित्झर्लंडची नागरी संहिता किरकोळ बदलांसह एका बैठकीत संमत झाली. न्यायमंत्री महमूत एसात स्वतः स्वित्झर्लंडमध्ये कायदा शिकलेले. बहुपत्नीत्व गेलं, घटस्फोटाचा हक्क दोघांना, वारसाहक्कात मुलगी आणि मुलगा समान. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांना काय सोसावं लागलं ते आठवलं की हा वेग हेवा वाटावा असाच आहे. पण त्याच संहितेत नवरा कुटुंबप्रमुख होता, आणि बायकोला नोकरीला त्याची परवानगी लागायची. ती अट १९९०मध्ये न्यायालयाने काढली. आणि गावात लग्नं इमामासमोरच लागत राहिली. सरकारी नोंद नाही म्हणून मुलं कायद्याच्या नजरेत अनौरस ठरू लागली. १९३३मध्ये खास कायदा करून अशा मुलांना औरस ठरवावं लागलं, आणि पुढेही तसे कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले. ज्या गावाशी कुणी बोललंच नाही, त्या गावाने कायदा न मोडता बाजूला ठेवला.

बोलायला जागाही नव्हती. १९२५च्या फेब्रुवारीत कुर्द भागात शेख सईदचा उठाव झाला. सरकारने मार्चमध्ये सुव्यवस्थेच्या नावाने कायदा करून वर्तमानपत्रं बंद पाडली, विशेष न्यायालयांनी फाशा दिल्या आणि जूनमध्ये एकमेव विरोधी पक्षही बंद केला. तो पक्ष केमालच्याच जुन्या सहकारी अधिकाऱ्यांनी काढलेला होता. १९२८चं लिपीचं काम बिनविरोध पार पडलं, त्यामागे हे आहे. धर्मनिरपेक्षतेचीही हीच गत. धर्म राज्यापासून वेगळा झाला नाही, राज्याच्या ताब्यात आला. ३ मार्च १९२४लाच धर्मव्यवहारांचं सरकारी कार्यालय निघालं. इमामाला नेमणारं तेच, आणि त्याचा इस्लाम सुन्नी. देशातल्या अलेवी लोकांना त्या कार्यालयात जागा नव्हती.

परत अक्षरांकडे येऊ. नव्या २९ अक्षरांत इंग्रजीतली क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरं घेतली नाहीत, कारण तुर्कीला त्यांची गरज नाही. कुर्दी भाषा लॅटिन लिपीत लिहिताना मात्र ती तिन्ही लागतात. सरकारी इंग्रजी नावांत, कंपन्यांच्या पाट्यांवर डब्ल्यू दिसला तर कुणी हटकत नसे. पण कुर्द आईबापाने मुलाच्या नावात तो घातला की नोंदणी नाकारली जायची, आणि नवरोजच्या सणाचं नाव पत्रकावर डब्ल्यूने लिहिलं म्हणून १९२८च्या त्याच कायद्याखाली खटले चालले. या तीन अक्षरांवरची बंदी उठवण्याची घोषणा सरकारने केली ती २०१३मध्ये.