सहीच्या जागी कोणाची सही?

संस्थेचे पत्र आजच पाठवायचे आहे, अध्यक्ष गावी गेले आहेत. कोणीतरी लिपिकाला म्हणते, "त्यांची जुनी सही स्कॅन करून लाव, ते काही म्हणणार नाहीत." लिपिकाने इथे थांबावे. अध्यक्षांनी तो मजकूर पाहिलेलाही नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र तो त्यांना मान्य आहे असे वाटणार. कपट करण्याच्या हेतूने असा खोटा दस्तऐवज करणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खाली बनावटगिरी ठरते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मग पत्र अडून राहते का? नाही. अध्यक्षांना मसुदा पाठवा आणि ईमेलवर लेखी संमती घ्या. ती आल्यावर सचिव स्वतःची सही करतात आणि खाली 'अध्यक्ष यांच्याकरिता' असे लिहून आपले नाव व पद देतात. सही सचिवांची, अधिकार अध्यक्षांनी दिलेला, आणि दोन्ही गोष्टी कागदावर उघड दिसतात. संमतीचा ईमेल कार्यालयीन प्रतीला जोडून ठेवावा. फोनवरचा होकार पुढे वाद झाला तर सिद्ध करणे फार कठीण जाते.

अध्यक्षांचीच सही हवी असेल, तर आधारवर आधारित ई-सही गावाहूनही करता येते. ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतो आणि तो त्यांनीच भरायचा असतो. लिपिकाने तो फोनवर विचारून घेतला, तर ती पुन्हा दुसऱ्यानेच केलेली सही झाली.

बँकेची किंवा जमिनीची कामे मात्र 'करिता' लिहून होत नाहीत. तिथे मुखत्यारपत्रासारखा रीतसर लेखी अधिकार लागतो.