घाट झोपेत काढू नका

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सहल समितीचा हिशेब सांगायला मी दरवर्षी उभा राहतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, "यंदा शिमला की उटी?" डोंगरातली रेल्वे म्हटलं की आपल्याला तीच नावं आठवतात. दोन्ही गाड्या सुंदरच आहेत. पण सोलापुरातून तिथं पोचण्यातच सहलीचे निम्मे दिवस जातात. म्हणून आज मी आपल्याच लायनीवरच्या घाटाबद्दल बोलणार आहे. आपण सगळे तो शेकडो वेळा ओलांडून आलोय आणि बहुतेकांनी तो पाहिलेलाच नाही.

तो म्हणजे बोरघाट. सोलापूरला रेल्वे 1860 साली आली, पण बोरघाटातली लाईन सुरू झाली 1863 मध्ये. म्हणजे तीन वर्षं आपल्याकडं रेल्वे होती, पण मुंबईला जाणाऱ्याला खंडाळ्याला उतरून पालखीनं, तट्टूवर किंवा गाडीतून खाली जावं लागे आणि पायथ्याला पुन्हा रेल्वे धरावी लागे. आता उलटं झालंय. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसायचं, शेंगाचटणी-भाकरी खायची, चादर ओढायची आणि जाग यायची ती कल्याणला. बोगदे, दऱ्या, सगळं अंधारात आणि झोपेत निघून जातं.

आमच्या पहिल्या माथेरान सहलीची फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचं नियोजन का तसं आहे ते कळेल. आम्ही चौदा जण होतो. बी विंगमधले आपले काका तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. चादरींच्या व्यापारासाठी त्यांनी उभं आयुष्य मुंबईच्या खेपा केल्या, सगळ्या रात्रीच्या. नेरळची छोटी गाडी एकदा बघायचीच, एवढ्यासाठी ते आले होते.

पहाटे पाचच्या आसपास कल्याणला उतरलो. चहा झाला आणि समोर लोकल लागली म्हणून अर्धे जण त्यात चढले. ती होती कसाऱ्याची! शहाड आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. कल्याणहून लाईन फुटते. एक कसाऱ्याकडं जाते, दुसरी कर्जतकडं. नेरळला जायचं तर लोकलवर कर्जत किंवा खोपोली लिहिलेलं पाहिजे. उतरलेले परत येईपर्यंत, सगळे गोळा होईपर्यंत उशीर झाला. नेरळला पोचलो तेव्हा तिकिटं संपलेली. चूक सर्वस्वी आमची, म्हणजे माझीच. टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो आणि तिथल्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंतची शटल पकडली. पंधरा-वीस मिनिटांत प्रवास संपला. काका काही बोलले नाहीत. "पुढच्या खेपेला बघू," एवढंच म्हणाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस असं म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला बरं वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला मी वही घेऊन बसलो.

पहिला प्रश्न, कधी जायचं? घाट खरा खुलतो तो पावसाळ्यात, पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फक्त वरची शटल चालते. म्हणजे दोन्ही एकाच सहलीत साधत नाहीत. धबधबे बघायचे असतील तर पावसाळ्यात फक्त घाट करा आणि माथेरान सोडून द्या. छोटी गाडी हवी असेल तर हिवाळा. त्यातही आपली गड्ड्याची यात्रा झाली की जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीभर जावं. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि परतीचा घाट अर्धा अंधारात जातो. फेब्रुवारीत उजेड अर्धा तास जास्त मिळतो. तो अर्धा तासच कामाचा असतो.

दुसरा प्रश्न, कुठल्या बाजूला बसायचं? लोणावळा ते कर्जत हे अंतर 28 किलोमीटर. त्यात चढ एवढा, की सदतीस फूट पुढं गेलं की गाडी एक फूट वर चढते. म्हणून वर जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. ही लाईन एका डोंगरसोंडेवरून जाते. सोंडेच्या पश्चिमेला खोपोलीची बाजू, पूर्वेला उल्हास नदीची दरी, आणि दरीपलीकडं राजमाचीची दोन शिखरं. मुंबईकडं उतरताना खंडाळ्यानंतर आधी डाव्या हाताला एक्स्प्रेस वे आणि खोपोलीकडचा उतार दिसतो. मग मंकी हिलपासून उजव्या हाताला उल्हासची दरी उघडते. सर्वांत भव्य देखावा तोच. म्हणून उतरताना उजवी खिडकी, चढताना डावी. पाठ करायला सोपं जावं म्हणून मी सांगतो, राजमाची धरा. राजमाची ज्या बाजूला, आपण त्या बाजूला. दुसऱ्या कुठल्याही घाटात जायचं झालं तरी रीत हीच. नकाशा उघडायचा, लाईनच्या कुठल्या अंगाला नदी आहे ते बघायचं आणि त्या अंगाची खिडकी मागायची.

आता मागायची म्हणजे कशी? तिकीट काढताना "खिडकीजवळ" एवढीच पसंती देता येते, डावी-उजवी नाही. सीटच्या नंबरावरून बाजू ओळखता येईल का, असं मला बरेच जण विचारतात. डबा कुठल्या तोंडानं जोडलाय त्यावर ते अवलंबून असतं, त्यामुळं एका गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीला लागू पडत नाही. पण आपल्या वंदे भारतच्या बाबतीत एक सोय आहे. ही गाडी मुंबईला जाऊन तशीच उलटी परत येते, वळवून लावत नाहीत. त्यामुळं सकाळी मुंबईला जाताना जी सीट राजमाचीच्या बाजूला होती, तीच सीट संध्याकाळी येतानाही राजमाचीच्या बाजूलाच राहते. मी जाणाऱ्या शेजाऱ्यांना विचारून तसे चार नंबर वहीत लिहून ठेवले होते. रेल्वेनं गाडीचा संच बदलला तर अंदाज चुकू शकतो, हेही लक्षात ठेवा. आणि साध्या चेअर कारमध्ये काही सीटांची तोंडं प्रवासाच्या उलट दिशेला असतात. त्या फिरत नाहीत, एक्झिक्युटिव्हच्या फिरतात. घाटात उलटं बसून ज्यांना मळमळतं, त्यांनी हे आधीच बघावं.

बाजूची कटकटच नको असेल तर पुण्याहून डेक्कन एक्स्प्रेस किंवा डेक्कन क्वीनचा व्हिस्टाडोम डबा घ्या. तिथं काचा मोठ्या, छतालाही काच आणि सीट हवी तशी वळते. पावसाळ्यात पैसे तिथं घालावेत. जोडीला मळवलीला लोकलनं उतरून भाजे आणि कार्ल्याची लेणी होतात.

तिसरा प्रश्न, जोडणी कशी करायची? आमची दुसरी सहल झाली तीच सांगतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी दोन्हीकडची तिकिटं काढली. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वरनं निघालो. हा घाट अंधारातच गेला, जाऊ द्या. पहाटे कल्याण, आणि या वेळी मी दारात उभा राहून प्रत्येकाला "कर्जत, कर्जत" म्हणून चढवलं. पाऊण तासात नेरळ.

इथं खरी मेख आहे. या छोट्या गाडीचं आगाऊ ऑनलाइन आरक्षण मिळत नाही. गाडी सुटण्याआधी पाऊण तास खिडकी उघडते आणि जागा मोजक्याच असतात. म्हणून दोन तरुण मंडळी नेरळला उतरताच थेट रांगेत उभी राहिली, चहा-नाश्ता त्यांना तिथंच नेऊन दिला. सकाळची गाडी मिळाली.

या गाडीत बाजूवरून भांडू नका. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली ही दोन फुटी लाईन डोंगर चढताना सारखी मागं-पुढं वळते. आत्ता दरी डावीकडं होती म्हणेपर्यंत ती उजवीकडं येते. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, एक छोटा बोगदा ओलांडून, अडीच-पावणेतीन तासांत माथेरान. माथेरानात मोटारी नाहीत, त्यामुळं सामान हाताला झेपेल एवढंच घ्या.

एक मुक्काम केला. रविवारी दुपारी उतरताना मात्र छोट्या गाडीचा मोह सोडला. ती दुपारी उशिरा निघते आणि तिनं उतरलं तर पुढची गाडी चुकते. त्याऐवजी एकच्या सुमारास शटलनं अमन लॉज, दस्तुरीहून टॅक्सीनं नेरळ, लोकलनं कल्याण. मुंबईहून चारच्या सुमारास सुटणारी वंदे भारत पाचच्या आत कल्याणला येते. ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तेव्हा तारीख ठरवताना वेळापत्रक बघून घ्या.

वहीतला नंबर बरोबर निघाला. डावीकडची खिडकी काकांना दिली. कर्जत सुटलं, गाडी चढू लागली. ऊन आमच्या पाठीमागून, पश्चिमेकडून येत होतं आणि समोरची सगळी दरी त्या उन्हात होती. राजमाचीची दोन टोकं दिसली तेव्हा मी बोट दाखवलं. बोगद्यात शिरलो की काका गप्प, बाहेर आलो की पुन्हा काचेला नाक. लोणावळा आल्यावर वळून म्हणाले, "पन्नास वर्षं या घाटातनं गेलो बघा. घाट आज बघितला."

काका आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना विचारून घ्या. पुढच्या फेब्रुवारीच्या सहलीची यादी सचिवांकडं ठेवली आहे. नाव देताना खिडकीला कुणाला बसवायचं तेही लिहा. आपल्या घरातलं सर्वांत वयस्कर माणूस तिथं बसवा.