दोनशे एमबीपीएस असून स्कॅन का अडकतो? लीज्ड लाइन आणि साधं ब्रॉडबँड

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. ऑफिससाठी लीज्ड लाइनचं कोटेशन आलंय, घरच्या ब्रॉडबँडच्या कितीतरी पट महाग आहे, आणि स्पीड उलट कमी. हे काय गौडबंगाल आहे? मी नेटवर्क बसवायचं काम करतो, त्यामुळे आज एक खरी केसच सांगतो.

माझी मावसबहीण, आमची ताई, नाशिकला सीटी स्कॅनचं छोटं सेंटर चालवते. स्कॅन तिथे होतो, पण तो वाचून रिपोर्ट देणारे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर बसतात ठाण्याला. म्हणजे प्रत्येक स्कॅन इंटरनेटवरून जाणार. एका संध्याकाळी डोक्याला मार लागलेला बाइकवाला पोरगा आला. स्कॅन झाला मिनिटभरात, पण फाइल जाईचना. तासभर नातेवाईक बाहेर उभे आणि ताई राउटर बंद-चालू करतेय. रात्री मला फोन: "अरे, दोनशेचा प्लॅन आहे ना माझा? मग हे असं का?"

आता गणित बघा, सोपं आहे. सीटीचा एक काप म्हणजे ५१२ बाय ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. झाला अर्धा एमबी. तीनशे कापांचा अभ्यास धरला तर १५० एमबी, म्हणजे १२०० मेगाबिट. अपलोड खरोखर २०० एमबीपीएस मिळत असेल तर सहा सेकंदांचं काम. मी दुसऱ्या दिवशी जाऊन लॅपटॉपला थेट केबल लावून मोजलं (वायफायवर मोजू नका, मग दोष कुणाचा ते कळतच नाही). सकाळी अकराला अपलोड मस्त. रात्री साडेआठला तोच अपलोड २ एमबीपीएसच्या आसपास, तोही मध्येच तुटत. म्हणजे एका स्कॅनला किमान दहा मिनिटं, आणि मध्ये तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

एकाच लाइनवर वेळेप्रमाणे एवढा फरक पडतो, तेव्हा संशय घ्यायचा कंटेन्शन रेशोचा. म्हणजे एकच पाइप कितीजणांत वाटलाय ते. समजा तुमच्या भागातल्या केबलवाल्याकडे वरून आलेली लाइन आहे एक गिगाबिटची, आणि त्याने २५० घरांना दोनशे-दोनशेचे प्लॅन विकलेत. विकलं किती? पन्नास गिगाबिट. आहे किती? एक. हा झाला पन्नासास एक. यात फसवणूक आहेच असं नाही, कारण सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत, म्हणून तर प्लॅन स्वस्त मिळतो. पण रात्री साडेआठला अख्खी सोसायटी मॅच बघत असते आणि ताईचा स्कॅन त्याच रांगेत उभा असतो. प्लॅनवर "अप टू" लिहिलेलं असतं ना, ते दोन शब्द याचसाठी.

लीज्ड लाइन एकास एक असते. दहा एमबीपीएस घेतली तर दहा तुमचीच, डाउनलोडला दहा, अपलोडलाही दहा, मध्यरात्री आणि मॅचच्या वेळीसुद्धा. ताईचा स्कॅन दहावर दोन मिनिटांत जातो. सहा सेकंदांपेक्षा हळू, मान्य. पण डॉक्टरांना "दोन मिनिटांत बघा" असं छातीठोक सांगता येतं. फक्त एक समजून घ्या: हा एकास एक कंपनीच्या नेटवर्कच्या टोकापर्यंतचा असतो. त्यापुढचं इंटरनेट सगळ्यांचंच आहे.

दुसरी गोष्ट, स्टॅटिक आयपी. डॉक्टरांना घरून सेंटरच्या सर्व्हरवर जाऊन जुने स्कॅन बघायचे होते, आणि ते जमत नव्हतं. राउटरच्या WAN पानावर पत्ता दिसला 100.72 ने सुरू होणारा. हीच खूण! 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला पत्ता दिसला की समजायचं, कंपनीने बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलंय. सोसायटीचा पत्ता आहे पण फ्लॅट नंबर नाही, तर पोस्टमन येणार कुठे? बाहेरून तुमच्यापर्यंत थेट येता येत नाही. लीज्ड लाइनबरोबर स्वतःचा कायमचा पत्ता मिळतो. पण खरं सांगू? तुम्हाला फक्त हाच हवा असेल, कॅमेरे बघायला किंवा ऑफिसच्या टॅलीवर यायला, तर लीज्ड लाइन घेऊ नका. साध्या ब्रॉडबँडवरही बऱ्याच कंपन्या थोडे जास्तीचे पैसे घेऊन स्टॅटिक आयपी देतात. आधी ते विचारा. आणि मिळाला की सर्व्हर उघडा टाकू नका, समोर व्हीपीएन लावा. कायमचा पत्ता चोरालाही कायमचाच सापडतो.

मग एवढे पैसे कशाचे? माझ्या मते निम्मे तरी दुरुस्तीच्या वचनाचे. साध्या ब्रॉडबँडवर लाइन गेली की तक्रार नोंदवायची आणि "उद्या माणूस येईल" ऐकायचं. लीज्ड लाइनच्या करारात एसएलए असतो, आणि तो वाचायचा असतो. ताईच्या कोटेशनवर होतं: अपटाइम ९९.५ टक्के, एमटीटीआर चार तास. ती म्हणाली, "म्हणजे चार तासांत नीट होणारच." नाही ना! एमटीटीआरमधला पहिला एम म्हणजे मीन, सरासरी. तीनदा एका तासात जोडली आणि चौथ्यांदा तेरा तास लावले, तरी सरासरी चारच. अपटाइमचंही तसंच. ९९.५ टक्के महिन्यावर मोजला तर तीस दिवसांत साधारण साडेतीन तास बंद चालते. तोच वर्षावर मोजला तर जवळपास ४४ तास, तेही सलग! म्हणून आम्ही दोन वाक्यं बदलून घेतली. मोजणी महिन्याची, आणि प्रत्येक बिघाडाला कमाल वेळ. कंपनी चारवर तयार नव्हती, सहावर झाली.

अजून दोन कलमं बघा. घड्याळ सुरू कधी होतं? बहुतेक करारांत तक्रारीचा नंबर मिळाल्यापासून, लाइन तुटल्यापासून नाही. म्हणजे रिसेप्शनवरच्या पोरीला तो नंबर पाठ हवा. आणि वगळलेलं काय? तुमच्याकडची वीज गेली तर ते धरत नाहीत, आणि बरेचदा रस्ता खोदताना केबल तुटली तरी धरत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कोण काय खोदेल याचा नेम नसतो, तेव्हा हे कलम हलकं घेऊ नका. वेळ चुकली तर भरपाई मिळते, पण ती भाड्यातली सूट असते. अडकलेल्या पेशंटचा हिशोब त्यात नाही.

शेवटी ताईने दहाची लीज्ड लाइन घेतली आणि जुनं ब्रॉडबँड बॅकअपला ठेवलं. इथे मी चुकलो, सांगूनच टाकतो. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत होत्या आणि मी वर बघितलंच नाही. दोन महिन्यांत एका ट्रकने खांब पाडला आणि दोन्ही गेल्या. आता बॅकअपला सिमवाला राउटर आहे. पण बॅकअपवर गेलं की तो स्टॅटिक पत्ता लागू नसतो, डॉक्टरांचं बाहेरून येणं बंद! म्हणून आता सेंटरचा कॉम्प्युटरच स्वतःहून प्रत्येक स्कॅन डॉक्टरांकडे ढकलतो. लाइन कुठलीही असो, जातो.

तुमच्या कोटेशनमधलं एखादं कलम कळत नसेल तर किंमत आणि नावं झाकून फोटो पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!