एकदा गोवर आला की परत का येत नाही?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी दिलेली माहिती, बोलली तशीच इथे देत आहोत.)



आज विषय लसीकरणाचा आहे, पण मी लसीपासून सुरुवात करणार नाही. आपल्या घरातल्या आज्या एक गोष्ट नेहमी सांगतात, "एकदा गोवर निघाला की पुन्हा निघत नाही." ही गोष्ट अगदी खरी आहे. आज आपण फक्त एवढंच बघू की असं का होतं. ते कळलं की दुसरा डोस का हवा, सुई दिल्यावर आठवड्याने ताप का येतो, हे प्रश्न आपोआप सुटतील.

आधी एक जुनी हकीकत सांगते. युरोपच्या उत्तरेला समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली. नंतर ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर आलाच नाही. मग १८४६ मध्ये एका जहाजातून तो पुन्हा आला. तेव्हा बेटांवर सुमारे ७,८०० माणसं होती, त्यातली जवळपास ६,००० आजारी पडली. लहान मुलंच नाहीत, तरणीताठी माणसं, म्हातारी माणसंसुद्धा. डेन्मार्क सरकारने पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर तिकडे पाठवला. तो गावोगाव फिरला, घरोघरी विचारपूस केली. त्याला काय दिसलं? ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये, लहानपणी, गोवर झाला होता, त्यांच्यापैकी एकालाही तो परत झाला नाही. आणि ज्या म्हाताऱ्यांना तेव्हा झाला नव्हता, ते मात्र आता आजारी पडले.

म्हणजे बघा, मधल्या ६५ वर्षांत गोवराचा विषाणू त्या म्हाताऱ्यांच्या आसपासही नव्हता. तरी शरीराने त्याला लक्षात ठेवलं. हे लक्षात ठेवतं कोण? तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या दोन जाती. एकीला म्हणतात बी पेशी, दुसरीला टी पेशी. दोन्ही आपल्या हाडाच्या आतल्या मगजात तयार होतात. टी पेशी तिथून निघून छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यात तयारी करून बाहेर पडतात.

या पेशींची गंमत अशी, की प्रत्येक पेशी एकच आकार ओळखते. कुलपाला एकच किल्ली लागते ना, तसं. शरीरात कोट्यवधी पेशी आणि प्रत्येकीचं कुलूप वेगळं. गोवराच्या विषाणूची किल्ली ज्यांना बसेल अशा पेशी लाखात एखाददुसरी. त्यामुळे गोवर पहिल्यांदा शिरतो तेव्हा शरीराकडे पेशी असते, पण ती मूठभरच असते. तिला शोधायला आणि वाढवायला वेळ लागतो.

हा शोध कुठे लागतो? काखेत, मानेत, जांघेत ज्या गाठी असतात त्यांत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला माहीत आहे. ते अवधाण म्हणजे हीच जागा. तिथे जंतूचे तुकडे आणून पेशींना दाखवले जातात, ज्या पेशीला तो जुळतो ती भराभर वाढायला लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, म्हणून तर ती गाठ सुजते.

मग कामाची वाटणी होते. बी पेशी अँटिबॉडी नावाचा पदार्थ तयार करतात. तो रक्तात फिरतो आणि मोकळा विषाणू दिसला की त्याला चिकटून बसतो. मग त्या विषाणूला पेशीत शिरता येत नाही. पण जो विषाणू आधीच आपल्या पेशीच्या आत घुसलाय, त्याचं काय? तिथे अँटिबॉडी पोचत नाही. ते काम टी पेशींचं. त्या बिघडलेली पेशी ओळखतात आणि ती पेशीच मारून टाकतात. टी पेशींमध्ये मदतनीसही असतात, त्यांच्या इशाऱ्याशिवाय बी पेशींना नीट कामाला लागता येत नाही. गोवराचं लाल पुरळ अंगावर उठतं ना, ते याच लढाईचं चिन्ह आहे. टी पेशी कातडीतल्या बिघडलेल्या पेशींवर तुटून पडलेल्या असतात.

हे दोघे वेगवेगळं काम करतात हे डॉक्टरांना कसं कळलं? काही मुलं जन्मतःच बी पेशींशिवाय असतात, त्यांना अँटिबॉडी करता येत नाही. अशी मुलं गोवरातून बहुतेक साध्या मुलांसारखीच बरी होतात. पण ज्यांच्या टी पेशी नीट नसतात, त्यांना गोवर जिवावर बेततो. म्हणजे गोवर अंगात शिरल्यावर निस्तरायचं काम मुख्यतः टी पेशींचं, आणि पुढच्या वेळी दारातच अडवायचं काम अँटिबॉडीचं.

आता आठवणीचा मुद्दा. लढाई संपल्यावर वाढलेल्या पेशींची शरीराला गरज उरत नाही. त्यातल्या बहुतेक मरून जातात. पण सगळ्या नाही. आपण ज्वारी काढल्यावर सगळी दळून खातो का? चांगलं बियाणं बाजूला राखून ठेवतो. तसंच शरीर थोड्या बी पेशी आणि थोड्या टी पेशी राखून ठेवतं. यांनाच आठवणीच्या पेशी म्हणतात. शिवाय अँटिबॉडी बनवणाऱ्या काही पेशी हाडाच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी रक्तात सोडत राहतात. फेरो बेटांवरच्या म्हाताऱ्यांच्या अंगात हेच राखलेलं बियाणं होतं.

दुसऱ्यांदा गोवराचा विषाणू आला तर शोधाशोध करावी लागत नाही. रक्तातली अँटिबॉडी लगेच अडवते आणि राखलेल्या पेशी चार-पाच दिवसांत फौज उभी करतात. विषाणू शिरल्यापासून पुरळ यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे पेशी त्याच्या पुढे निघून जातात. माणसाला कळतही नाही की काही येऊन गेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग होऊ द्या की गोवर एकदाचा, आयुष्यभराची काळजी मिटेल. मागच्या महिन्यात एका गटात हा प्रश्न आलाच होता. याचं उत्तर नीट ऐका. गोवरात न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जातात, हे आपण ऐकलंय. पण आणखी एक गोष्ट आहे. गोवराचा विषाणू नेमका आठवणीच्या पेशींमध्येच घुसतो. म्हणजे राखलेलं बियाणंच खातो. बाळाने आतापर्यंत सर्दी-खोकला, जुलाब यांच्याशी लढून जी आठवण जमवली, ती पुसली जाते. नेदरलँडमध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. हा अभ्यास २०१९ मध्ये छापला गेला. मुलांच्या निरनिराळ्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. "गोवर गेला पण पोर वर्षभर आजारीच राहिलं," असं जे ऐकतो, त्याचं हे कारण. लस घेतलेल्या मुलांमध्ये असं पुसलं गेलं नाही.

लसीत गोवराचाच विषाणू असतो, पण कमजोर केलेला. तो थोडा वाढतो, पेशींना किल्ली दाखवतो, बियाणं राखलं जातं, आणि नासधूस होत नाही. आपल्याकडे एमआरची ही सुई पहिली ९ महिने पूर्ण झाल्यावर ते १२ महिन्यांपर्यंत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत, उजव्या दंडावर देतात.

नवव्या महिन्यापर्यंत का थांबायचं? पोटात असताना आईची अँटिबॉडी बाळाला मिळालेली असते. ती काही महिने टिकते. लवकर सुई दिली तर आईची अँटिबॉडी लसीतल्या कमजोर विषाणूला वाढायच्या आधीच मारते, आणि बाळाच्या पेशी काही शिकत नाहीत. गावात साथ असेल तर सहा महिन्यांपासूनही जादा सुई देतात, पण ती मोजायची नाही, पुढच्या दोन्ही द्यायच्याच.

ताप का येतो आणि कधी येतो? दीड महिन्यापासूनच्या पेंटाची सुई दिली की ताप त्याच रात्री येतो, हे आयांना पाठ आहे. एमआरचा ताप मात्र साधारण ५ ते १२ दिवसांनी येतो, कारण कमजोर विषाणूला वाढायला आणि पेशींना जागं व्हायला तेवढे दिवस लागतात. काहींना बारीक पुरळही येतं. एक-दोन दिवसांत जातं. आणि ताप नाही आला तर लस लागली नाही असं समजू नका, बहुतेक बाळांना काहीच होत नाही. पण झटका आला, श्वास लागला, ताप उतरतच नसेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता सगळ्यात जास्त चुकते ती दुसरी सुई. हिशोब करून बघू. नऊ महिन्यांच्या १०० बाळांना सुई दिली, तर साधारण ८५ बाळांत आठवण तयार होते. १५ राहतात. कोणात आईची अँटिबॉडी अजून उरलेली असते, कोणाच्या पेशी कच्च्या असतात. ते १५ कोण, हे बाहेरून बघून कळत नाही. म्हणून दुसरी सुई १०० च्या १०० जणांना देतात. तिच्यामुळे त्या राहिलेल्यांपैकी बहुतेकांत आठवण तयार होते आणि आकडा ९५ च्या वर जातो. म्हणजे दुसरी सुई पहिलीची उजळणी नाही, ती राहून गेलेल्यांसाठीची पहिलीच संधी आहे.

आपल्याकडे ती चुकते कारण तेव्हा बाळ दीड वर्षाचं असतं, आई ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली असते. तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सुई आपल्याच उपकेंद्रात घ्यायची असं नाही, ज्या गावात मुक्काम आहे तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवलं तरी मिळते. आणि दोन वर्षं उलटली म्हणून संधी गेली असंही नाही, पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो. सुरुवातीपासून परत करावं लागत नाही.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे, त्यांनी बाळाचं कार्ड घेऊन यावं. आपण एमआरच्या दोनच रकाने बघू, पहिला आणि दुसरा. जिथे दुसरा कोरा असेल, त्या ताईंची नावं लिहून आशाताईंना देऊ. कामाला बाहेर निघालेल्या ताईंनी कार्ड ट्रंकेत न ठेवता सोबतच्या पिशवीत ठेवावं.