ओळखीचा चेहरा

(मंडळाच्या व्याख्यानात केलेले भाषण)



आम्ही सरकारी नोकर. डिप्लोमा झाला आणि खात्यात लागलो, मानसशास्त्र काही शिकलो नाही. बोलणार आहोत ते काउंटरवरच्या अनुभवावर.

आमच्याकडे एक एजंट रोज यायचा. सुरुवातीला तो काही खास वाटला नव्हता. वर्षभराने मात्र ‘माणूस चांगला आहे’ असे आम्हीच म्हणू लागलो. त्याने आम्हाला साधा चहाही पाजलेला नव्हता! त्याच्या मागे उभा असलेला, खेड्यातून पहिल्यांदाच आलेला शेतकरी मात्र उगाच संशयाचा वाटायचा. कागद दोघांचे सारखेच.

रॉबर्ट झायन्स या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या दैनिकांत एक गंमत केली. जाहिरातीसारख्या चौकटीत ‘कादिरगा’, ‘नानसोमा’ असले शब्द छापले. अर्थ नाही, खुलासा नाही. कोणता शब्द एकदाच, कोणता पाच वेळा, कोणता पंचवीस वेळा. नंतर वाचकांना विचारले, या शब्दाचा अर्थ चांगला असेल की वाईट? जो जास्त वेळा दिसला, तो चांगल्या अर्थाचा वाटला. शब्दच कानाला गोड असेल, ही शंका नको म्हणून एका दैनिकात वारंवार छापलेला शब्द दुसऱ्यात क्वचित छापला होता. निकाल तोच आला.

पाहिलेली गोष्ट पुन्हा ओळखायला मनाला कमी कष्ट पडतात. तो सोपेपणा आपण त्या गोष्टीचाच गुण समजतो. आपल्या भागात तर हे घरोघरी दिसेल. बसमध्ये रोज लागणारे कन्नड गाणे, शब्द पुरते कळत नाहीत, तरी महिन्याभरात आपणच गुणगुणतो. चौथ्या रेल्वे गेटजवळच्या फ्लेक्सवरचे चेहरे आणि थिएटरात सिनेमाआधी लागणारी विकोची जाहिरात यांचेही तसेच. दुकानात दोन ट्यूब समोर आल्या की हात ओळखीच्या नावाकडे जातो.

पण याला मर्यादा आहेत. पहिल्या काही वेळांतच आवड जास्त वाढते, पुढे वाढ मंदावते आणि अति झाले की कंटाळा येतो. आणि जे पहिल्यापासूनच नकोसे, ते वारंवार समोर आल्याने आवडेलच असे नाही, उलट तिटकारा वाढू शकतो. मंडपाशेजारी राहणाऱ्यांना आम्ही हे काय सांगावे! आणखी एक. ‘हे आपण अनेकदा पाहिले आहे’ हे लक्षात नसते, तेव्हा परिणाम जास्त होतो. एजंट आम्हाला का आवडतो, हे आम्ही स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

आता आम्ही अर्ज आधी खाली ठेवून वाचतो, मान नंतर वर करतो. परवा त्याच एजंटच्या अर्जात एक उतारा कमी निघाला. आधीच्या किती अर्जांत तो नसेल, कोण जाणे.